‘अपॉन क्रिएशन’

सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

खालच्या मजल्यावरची मुलगी डिप्लोमा करून यंदाच स्वतःची डिझाइनची कामं घ्यायला लागलीय. काल रात्री एक इंग्रजी पान घेऊन वर आली. लोणची विकणाऱ्या एका नव्या ब्रँडचं काम, एक लोगो आणि चार लेबलं मिळून ३०,००० रुपये. "काका, सही करायच्या आधी हे मराठीत सांगा ना." मी भाषांतरावरच पोट भरतो. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. उठलो तेव्हा एक वाजला होता.

इंग्रजीत ते पान फार सभ्य दिसत होतं. 'क्लायंटचं समाधान होईपर्यंत वाजवी बदल.' मराठीत लिहिलं आणि तिथेच अडलो. वाजवी म्हणजे किती? आणि समाधान झालं हे सांगणार कोण?

मला माहितीय कोण सांगणार. २००८ साली मी डीटीपी करायचो तेव्हा एका मसालेवाल्याचं लेबल केलं होतं. 'मिरची जरा लाल करा', 'आता जरा कमी लाल करा', असे अकरा वेळा बदल. शेवटच्या फाइलचं नाव final_final_11.cdr होतं, खोटं नाही सांगत. ॲडव्हान्स मिळाला, बाकीचे पैसे 'फायनल झालं की'. ते फायनल कधी झालंच नाही. पुड्या मात्र दुकानात आल्या.

म्हणून तिच्या पानावर लिहिलं: बदलांच्या तीन फेऱ्या. फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र, एकाच मेलमध्ये. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आलेलं एकेक वाक्य म्हणजे फेरी नव्हे. चौथीपासून प्रत्येकी १,५०० रुपये. नाव किंवा बाटलीचा आकारच बदलला तर तो बदल नाही, नवं काम. आणि दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर डिझाइन मंजूर धरलं जाईल.

पैशांचं कलम आणखी गोड होतं. २० टक्के आधी, उरलेले 'अंतिम मंजुरीनंतर ४५ दिवसांत'. म्हणजे २४,००० रुपये अशा मंजुरीवर टांगलेले, जी क्लायंटच देणार, त्याला वाटेल तेव्हा. मी केलं ४० टक्के सुरुवातीला, ३० पहिली डिझाइन दाखवल्यावर, ३० शेवटची फाइल देण्याआधी. तोवर कमी रिझोल्यूशनची पीडीएफ पाठवायची, जिच्यात कुणालाही बदल करता येतात ती ओपन फाइल नाही. मी तेव्हा सीडीआर फाइल पेन ड्राइव्हवर देऊन आलो होतो, वर चहा पिऊन.

पण खरा राग आला तो मालकीच्या ओळीवर. सगळे हक्क 'अपॉन क्रिएशन' क्लायंटचे. मराठीत मी लिहिलं, 'काम तयार होताक्षणी.' पैसे मंजुरीनंतर, मालकी मात्र तिने माउस हलवल्याबरोबर! शिवाय 'वर्क मेड फॉर हायर', म्हणजे काम करवून घेणाराच पहिल्यापासून मालक, हा अमेरिकी शब्द कुठून तरी उचलून चिकटवलेला. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं होतं. ही पोरगी नोकर कुठेय? ना पगार, ना पीएफ, ना रजा.

मी तिथे 'अपॉन क्रिएशन' एवढंच बदललं, त्या जागी लिहिलं 'पूर्ण पैसे मिळाल्यावर'. खाली जोडलं की न निवडलेली डिझाइन्स तिचीच राहतील आणि निवडलेलं ती आपल्या पोर्टफोलिओत दाखवू शकेल.

बरं, क्लायंटचीही बाजू आहे, मान्य. लेबल छापून बाजारात गेल्यावर डिझायनरने अडवलं तर त्याने काय करायचं? ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे डिझायनरही मी पाहिलेत. पण मग नीट लिहा ना! हक्क लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठे ते लिहिलं नाही तर फक्त भारत. यांच्या पानावर दोन्ही नव्हतं. उद्या दुबईला लोणचं पाठवायचं असेल तर हे कलम त्यांनाच अडवणार. मीच ते भरून दिलं, कायमसाठी आणि जगभर. पैसे पूर्ण मिळाल्यावर खुशाल घ्या.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो मसालेवाला काही राक्षस नव्हता, दर वेळी घरच्यांची चौकशी करायचा. माझ्याकडे कागद नव्हता आणि मागायची लाज वाटली, एवढंच.

दुपारी तिचा फोन आला. तीन फेऱ्या मान्य, पैशांचं ४०-३०-३० मान्य. मालकीवर क्लायंट म्हणाला, "आमच्या सीएंना विचारून सांगतो." ती घाबरली होती. "काका, काम हातचं जाईल का? ती ओळ सोडून देऊ?"

जाईलही. तिला तसंच सांगितलं. सीएंचं उत्तर येईपर्यंत सही करू नकोस आणि फाइल पाठवू नकोस, एवढंच म्हणालो. मग तिने विचारलं, "तुमच्या त्या लेबलचे पैसे शेवटी मिळाले का हो?"

कोपऱ्यावरच्या दुकानात ती पुडी अजून मिळते. मिरची तीच, अकराव्या वेळची लाल.