कॅशने शेपूट आखूड झालं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

> "कॅश लावून टेल लेटन्सी सुटत नाही, हे तुमचं वाक्य पटलं नाही. आमच्या पाककृतींच्या साइटवर सर्चच्या पुढे रेडिस लावला. हिट रेट ८० टक्के, हिट झालं की ३ मिलिसेकंदांत उत्तर. सरासरी १४० मिलिसेकंदांवरून ३२ वर आली, पी९९ ९०० वरून ६०० वर. आधीचा पी९५ ४०० होता, तोही सांगून टाकतो. शिवाय सहा सर्च सर्व्हरांपैकी तीन बंद करून पैसे वाचवले. सिद्धान्त ठीक आहे हो, पण प्रत्यक्षात कॅश चालते. नवख्यांना उगाच घाबरवू नका."

नमस्कार. आधी माझी चूक कबूल करतो. टेल लेटन्सी, म्हणजे सर्वांत संथ क्वेरींच्या शेपटाला लागणारा वेळ, कॅशने "सुटत नाही" हे मी मागच्या लेखात फार ठासून लिहिलं. तुमचा पी९९ खरोखर खाली आला आहे आणि तो कॅशमुळेच आला आहे. पण तुम्ही दिलेले आकडे इतके नेमके आहेत की मला गप्प बसवेना. रविवारी सकाळी चहा घेता घेता त्यांचा हिशेब मांडला. तो तुमच्या बाजूने निघत नाही.

हजार क्वेरी घ्या. त्यातल्या ८०० कॅशमधून ३ मिलिसेकंदांत परत गेल्या, उरलेल्या २०० मिस झाल्या, म्हणजे खऱ्या सर्चपर्यंत पोचल्या. पी९९ म्हणजे हजारातल्या सर्वांत संथ १० क्वेरी जिथून सुरू होतात ती रेघ. या दहाही क्वेरी त्या २०० मधल्याच असणार, कारण हिट झालेली कुठलीच संथ नाही. म्हणजे तुमचा आजचा ६०० हा आकडा सगळ्या क्वेरींचा पी९९ असला, तरी मिसांपुरतं पाहिलं तर तो पी९५ आहे. ज्या क्वेरी खरोखर शोधाव्या लागतात, त्यांतल्या दर वीसमागे एकीला ६०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो.

आता तुमचा जुना पी९५ बघा: ४००. कॅशने सगळ्या प्रकारच्या क्वेरी सारख्याच प्रमाणात उचलल्या असत्या, तर मिसांचा पी९५ जुन्याइतकाच राहिला असता आणि तुमचा नवा पी९९ ४०० झाला असता. तो ६०० आहे. सरासरीचंही तसंच. ३२ मधून हिटांचा वाटा, म्हणजे ०.८ गुणिले ३, वजा करून ०.२ ने भागलं की मिसांची सरासरी १४८ येते. आधी सगळ्यांची मिळून १४० होती. आणि हे केव्हा, तर प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला आधीच्या ४० टक्केच काम उरलं असताना: एक पंचमांश क्वेरी, निम्मे सर्व्हर. काम एवढं घटूनही मिस संथ झाल्या आहेत.

कारण कॅशने निवडून निवडून सोप्या क्वेरी उचलल्या. दिवाळीच्या आठवड्यात "चकली" शंभर वेळा येते, पण कॅश नव्हती तेव्हाही ती फारशी महाग नव्हती. तिला लागणारी इंडेक्सची पानं सतत वापरात असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत गरमच असायची. महाग असते ती "भाजणी न वापरता मुगाच्या डाळीची चकली". शब्द जास्त, त्यातले काही दुर्मीळ, त्यांची पानं डिस्कवर थंड पडलेली. त्यातून काहीच सापडलं नाही, तर बहुतेक साइट शुद्धलेखन सैल करून तोच शोध पुन्हा चालवतात, म्हणजे एका क्वेरीमागे दोन शोध. आणि ही क्वेरी महिन्यातून एकदा येते. कॅशमध्ये ठेवली तरी दुसऱ्यांदा विचारायला कोणी येत नाही.

मला एक शंका आणखी आहे. तीन सर्व्हर बंद करताना रेप्लिका, म्हणजे इंडेक्सच्या प्रती, तेवढ्याच ठेवल्या असतील, तर उरलेल्या प्रत्येक सर्व्हरवर इंडेक्सचा भाग दुप्पट झाला आणि मेमरी होती तेवढीच राहिली. मग थंड पानं आधीपेक्षा जास्त. प्रोसेसर निवांत दिसेल, डिस्कवरची वाचनं वाढलेली दिसतील. हे पाच मिनिटांत तपासता येईल.

रिकाम्या उत्तरांचंही जरा बघा. मी स्वतः एका ठिकाणी (नाव नको) कित्येक महिने हा कोड चालवला:

```python
rows = load_from_cache(key)
if rows:
    return rows
rows = search(q)
```

पायथनमध्ये रिकामी यादी खोटी ठरते. म्हणजे "काही सापडलं नाही" हे उत्तर कॅशमध्ये असूनही दर वेळी मिस धरलं जायचं, आणि नेमक्या त्याच क्वेरी दोनदा शोध करणाऱ्या, सर्वांत महाग. `if rows is not None:` एवढ्या बदलाने आमचं शेपूट जेवढं आखूड झालं, तेवढं कॅशचा आकार वाढवून झालं नव्हतं.

तुमच्या साइटवर मराठी क्वेरी असणारच, म्हणून हेही सांगतो. "तिसऱ्या" हा शिंपल्यांसाठीचा शब्द कोणी `U+0931` हे अक्षर वापरून लिहितं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं `U+200D` घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॅशच्या किल्लीसाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं `NFC` प्रमाणीकरण केल्याने हा फरक जात नाही. नियम आपल्यालाच लिहावा लागतो. गोवा-कोकणातल्या लोकप्रिय क्वेरी त्यामुळे विनाकारण दुभंगतात. ही फुकट मिळणारी हिटं आहेत, घ्या.

आता मूळ लेखातला जो मुद्दा मी सोडणार नाही, तो. मिस झालेली क्वेरी एका सर्व्हरकडे जात नाही, ती इंडेक्सच्या प्रत्येक तुकड्याकडे, म्हणजे शार्डकडे, जाते आणि सर्वांत संथ शार्डचं उत्तर येईपर्यंत थांबते. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही, तसं. समजा प्रत्येक शार्ड शंभरातून एकदाच अडखळतो, कधी गार्बेज कलेक्शनमुळे, कधी सेगमेंट एकत्र करण्याचं काम चालू असल्यामुळे. वीस शार्ड असतील तर एकही अडखळला नाही याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे साधारण ८२ टक्के. शंभरातल्या १८ मिस अडकल्या. गुगलच्या जेफ्री डीन आणि लुईस आंद्रे बरोझो यांनी २०१३ साली कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम मासिकात हाच हिशेब शंभर सर्व्हरांसाठी मांडला होता. तिथे तो ६३ टक्क्यांवर जातो. त्याच लेखात त्यांनी म्हटलं आहे की कॅश उपयोगी असते, पण कामाला लागणारा अख्खा डेटा कॅशमध्ये मावण्याची खात्री नसेल, तर ती टेल लेटन्सीवर थेट इलाज करत नाही.

थेट इलाज त्यांनी दिला आहे तो असा: एका प्रतीकडे विचारणा पाठवायची, ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर तीच विचारणा दुसऱ्या प्रतीकडे पाठवायची, आणि जे आधी येईल ते घ्यायचं. शंभर सर्व्हरांवर पसरलेल्या हजार किल्ल्या वाचण्याच्या त्यांच्या चाचणीत १० मिलिसेकंद थांबून दुसरी विचारणा पाठवल्यावर पी९९.९ हा १८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि जादा विचारणा फक्त २ टक्के. मात्र त्यासाठी प्रत्येक शार्डची दुसरी प्रत जिवंत हवी आणि तिच्यावर थोडी उसंत हवी. ही उसंत तुम्ही बंद केलेल्या तीन सर्व्हरांकडे होती. इलास्टिकसर्च वापरत असाल तर ते संथ प्रतीला टाळून चपळ प्रत निवडतं (आवृत्ती ७ पासून हे आपोआप चालू असतं), पण निवडायला दुसरी प्रत लागतेच.

त्या तीन सर्व्हरांची मला खरी काळजी वाटते. कॅश भरलेली आहे तोवर सगळं ठीक. ती रिकामी झाली, तर सहा जण उचलत होते तो अख्खा भार तिघांवर, म्हणजे प्रत्येकावर जुन्याच्या दुप्पट. आणि कॅश रिकामी व्हायला रेडिस पडावंच लागतं असं नाही. निकालांच्या रचनेत एक रकाना वाढला, म्हणून कोणी किल्लीचा उपसर्ग `v7:` चा `v8:` केला, की झालं. जुनी कॅश जागेवर आहे, पण तिला कोणी विचारत नाही. मग शोध संथ होतो, संथ झाल्यामुळे कॅश सावकाश भरते, दरम्यान "चकली" विचारणारे सगळे एकाच वेळी आत घुसतात. सेकंदाला ५० जण "चकली" विचारत असतील आणि शोधाला १५० मिलिसेकंद लागत असतील, तर उत्तर कॅशमध्ये पोचेपर्यंत सात-आठ सारखे शोध होतात. हे चालून जातं. शोधाला दोन सेकंद लागायला लागले की तेच शंभर होतात, आणि ते शंभर त्याला आणखी संथ करतात.

यावर उपाय साधे आहेत. एका किल्लीसाठी एकच शोध चालू द्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या उत्तराची वाट पाहायची किंवा जुनं उत्तर घेऊन जायचं. चकलीची कृती दहा मिनिटांत शिळी होत नाही. कॅशमधल्या उत्तरांच्या मुदती एकसारख्या ठेवायच्या नाहीत: दहा मिनिटांऐवजी नऊ ते अकराच्या मधलं काहीही. सगळ्या किल्ल्या एकदम भरल्या तर एकदम संपतात, आणि पी९९ च्या आलेखावर दर दहा मिनिटांनी करवतीसारखा दात उमटतो. तुमच्या आलेखावर असे दात असतील आणि त्यांच्यातलं अंतर तुमच्या मुदतीइतकं असेल, तर रोगाचं निदान तिथेच झालं.

तेव्हा "कॅश चालते" हे मान्य. ती भार उचलते आणि तेवढ्यापुरता रांगेतला वेळ वाचवते. पण तुम्ही वाचलेला भार विकून टाकलात.

पुढचं एवढं करा. लॉगमध्ये प्रत्येक क्वेरीला हिट की मिस ते लिहा आणि मिसांचा पी९५ वेगळा काढा, शक्यतो क्वेरीतल्या शब्दांच्या संख्येप्रमाणे. मग दोन टक्के वाहतूक मुद्दाम कॅश टाळून पाठवा, नंतर पाच, नंतर दहा, आणि तीन सर्व्हर कुठे धापा टाकायला लागतात ते बघा. त्यासाठी वसुबारसेची वाट पाहू नका. आषाढातली एखादी दुपार चालेल. फक्त एकादशीचा आठवडा सोडून, तेव्हा साबुदाणा असतो.