जॉइंटवरच्या रिंगा वाचवा, दारावरच्या नक्षीला पैसे ठेवा

घर बांधताय ना, मग तुमचा आरसीसी कन्सल्टंट एक भलताच खर्चिक माणूस आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ड्रॉइंग उघडा. बीमच्या मधल्या भागात सळयांना वेढणाऱ्या रिंगा कशा सुटसुटीत, वीतभर अंतरावर, आणि कॉलम जवळ आला की याने अशा दाटीवाटीने काढल्यात की पेन अडकला होता की काय असं वाटावं. आता साहेबाला तोंडावर काही बोलू नका, मान डोलवा, ड्रॉइंग गुंडाळी करून सिमेंटच्या गोण्यांवर ठेवा आणि फिटरला विचारा. तो सांगेल, "एवढ्या कोण टाकतं शेठ, आपण सगळीकडं आठ इंचावर टाकतो, इतकी घरं बांधली, एक पडलं नाही." बरोबरच आहे त्याचं. त्याने बांधलेल्या घरांनी अजून भूकंप बघितलेला नाही, हा भाग वेगळा.

आधी किती वाचतात ते बघू, कारण शेवटी सगळा मामला त्याचाच. समजा बीम २३० बाय ४५० चा आहे, वर १६ च्या सळया, खाली १२ च्या, रिंग ८ एमएमची. आयएस १३९२० हा जो भूकंपाचा कोड आहे (२०१६ चा) तो म्हणतो की कॉलमच्या फेसपासून, म्हणजे बाहेरच्या बाजूपासून, बीमच्या इफेक्टिव्ह उंचीच्या, म्हणजे एका कडेपासून पलीकडच्या मेन सळईच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या, दुप्पट लांबीपर्यंत रिंगा जवळजवळ घ्या, आणि अंतर तीन गोष्टींपैकी जी कमी येईल ती: इफेक्टिव्ह उंचीचा चौथा भाग, सगळ्यात बारीक मेन सळईच्या व्यासाच्या ६ पट, किंवा १०० एमएम. आपल्या बीमची इफेक्टिव्ह उंची ४१० धरा, तिचा चौथा भाग १०२, बारीक सळई १२ ची म्हणजे ६ पट ७२, म्हणून अंतर ७०. पहिली रिंग फेसपासून ५० एमएमच्या आत. म्हणजे ८२० एमएमच्या टापूत १२ रिंगा, जिथे तुमचा फिटर २०० च्या हिशोबाने ४ टाकून मोकळा झाला असता. एका टोकाला ८ जास्त, दोन टोकांना १६, एक रिंग साधारण अर्धा किलो, झाले ८ किलो. लोखंड ६५ रुपये किलो धरलं तर एका बीममागे पाचशे वीस रुपये, वर वाकवण्याची मजुरी. बघा! वीस बीम असतील तर दहा हजाराच्या वर रोख बचत. तेवढ्यात मेन डोअरला सागवानी नक्षी येते आणि ती वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला दिसते, रिंग कुणाला दिसते सांगा.

आता कन्सल्टंट तुम्हाला घाबरवायला काय काय सांगेल ते आधीच ऐकून ठेवा, म्हणजे उत्तर तयार राहील.

तो म्हणेल की रोजच्या वजनाला बीम मधे खाली वाकतो, टोकाला वरच्या बाजूने ताणला जातो, आणि हे कायम एकाच दिशेने चालतं. भूकंपात मात्र सगळी इमारत डावीकडे-उजवीकडे झुलते, मग त्याच टोकाला एका क्षणाला वरची बाजू ताणली जाते आणि पुढच्या क्षणाला खालची, आणि हे दर सेकंदाला दोन-चार वेळा असं चालू राहू शकतं. सगळ्यात जास्त वाक बीमच्या टोकाला आणि कॉलमच्या वर-खालच्या टोकाला येतो, मधे नाही, म्हणून मोडायचं असेल तर तिथंच मोडणार. शिअरच्या, म्हणजे कातरणाऱ्या जोराच्या, तिरप्या भेगा आधी एका बाजूने पडतात, मग उलट्या बाजूने, आणि दोन्हींची फुली होते. काँक्रीट एकट्याने ताण घेत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तर त्या फुलीतून जाणारा जोर घ्यायला उरतात फक्त रिंगा. २०० च्या अंतरात एका भेगेला जेमतेम दोन रिंगा आडव्या येतात. ७० च्या अंतरात तिला पाच-सहा रिंगा आडव्या येतात. असा त्यांचा दावा आहे बुवा.

दुसरी गोष्ट तो सांगेल ती दाबाची. काँक्रीट उभं दाबलं की आडवं फुगतं. गच्च शिवलेलं गव्हाचं पोतं एकावर एक थप्पी लावलं तरी उभं राहतं, शिवण उसवली की गहू पसरतो, तसं सळयांबाहेरच्या काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फुटून पडलं की आतल्या गाभ्याला धरून ठेवायचं काम रिंगांचं. आणि कव्हर फुटल्यावर मेन सळई उघडी पडते, तिला बाहेरून कोणी धरत नाही, मग ती दोन रिंगांच्या मधे बाहेरच्या बाजूला वाकायला बघते. १२ ची सळई २०० एमएम मोकळी सोडली म्हणजे व्यासाच्या सोळा-सतरा पट लांबी, ती सहज वाकते. ७० वर धरली तर सहा पटही होत नाही, ती वाकत नाही. कोडात जो ६ पटीचा आकडा आहे तो याचसाठी, कुठल्या लोखंड कंपनीच्या सांगण्यावरून नाही, असं तो तुम्हाला पटवून देईल.

पुरावा मागा म्हणजे तो तुम्हाला कॅलिफोर्नियात घेऊन जाईल. ९ फेब्रुवारी १९७१, सॅन फर्नांडोचा भूकंप, ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल, नुकतंच बांधून झालेलं. त्याच एका इमारतीत काही कॉलमांना सळयांभोवती जवळजवळ गुंडाळलेलं स्पायरल होतं आणि कोपऱ्यातल्या कॉलमांना नेहमीसारख्या लांब लांब रिंगा. स्पायरलवाले कॉलम चांगलेच कलले, कव्हर गळून पडलं, पण गाभा शाबूत राहिला आणि वरचं वजन त्यांनी पेललं. रिंगावाल्यांचा चुरा झाला. त्यावर तुमचं उत्तर तयार ठेवा: "ते अमेरिकेत."

मग तो २६ जानेवारी २००१ काढेल. भूकंप कच्छमध्ये, आणि तिथून दोनशे किलोमीटरच्या वर लांब अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती बसल्या, खाली पार्किंगला मोकळे कॉलम आणि त्या कॉलमांच्या टोकाला विरळ रिंगा, वर काटकोनात वाकवलेले हुक. ते गुजरातेत, असं म्हणा. कोयनानगरचं नाव काढलं, ११ डिसेंबर १९६७, तर ते धरणाजवळ असं म्हणा. किल्लारी काढली तर म्हणा की तिथं दगडमातीची घरं होती, रिंगांचा काय संबंध, आणि हे खरंच आहे. फक्त किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती हे त्याला आठवू देऊ नका, नाहीतर तुमचं "आपल्याकडं कुठं भूकंप होतो" हे हुकमी वाक्य वाया जाईल.

बरं, रिंगा टाकायचीच वेळ आली तर हुक तरी सोपा करून घ्या. ड्रॉइंगमध्ये १३५ अंशाचा हुक असतो, म्हणजे रिंगेचं टोक कॉलमच्या पोटात तिरकं शिरलं पाहिजे आणि वाकल्यानंतर पुढे ६ व्यास, निदान ६५ एमएम, सरळ राहिलं पाहिजे. फिटरला तो वाकवायला त्रास होतो आणि सळयांवर घालतानाही अडतो, म्हणून त्याला ९० अंशावर मोडू द्या. दिसायला रिंग तीच, मोजायला अंतर तेच, कोणाला शंकासुद्धा येणार नाही. फरक एवढाच की काटकोनी हुकाचं टोक कव्हरमध्ये असतं, कव्हर फुटलं की त्याला धरायला काही उरत नाही आणि रिंग उघडते. थोडक्यात, जेव्हा तिची गरज सुरू होते नेमक्या त्या वेळी तिची ड्युटी संपते.

खरी कलाकारी मात्र जॉइंटच्या, म्हणजे बीम आणि कॉलम मिळतात त्या जागेच्या, पोटात आहे. कॉलमच्या रिंगा बीमच्या तळाला संपवायच्या आणि स्लॅबच्या वर परत सुरू करायच्या, मधली बीमची उंची तशीच कोरी. भूकंपात त्या एवढ्याशा चौकोनात दोन्ही बाजूंच्या बीमच्या सळया उलट्या दिशेला ओढ-ढकल करत असतात, त्यामुळे तिथला शिअर खुद्द बीम-कॉलमपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून कोड म्हणतो की कॉलमच्या टोकाच्या जवळजवळच्या रिंगा जॉइंटमधून तशाच पुढे न्या. ३०० बाय ४५० च्या कॉलमला १६ च्या सळया असतील तर अंतर ७५ येतं (छोट्या बाजूचा चौथा भाग), म्हणजे ४५० उंचीच्या जॉइंटमध्ये सहा-एक रिंगा. चारही बाजूंनी कॉलमच्या पाऊण रुंदीचे बीम येत असले तर सूट मिळते, १५० पर्यंत चालतं. कोपऱ्यातल्या कॉलमला दोनच बीम, त्याला ही सूट लागू नाही, पण कोपऱ्यात जातंय कोण बघायला.

आणि फिटरकडे कारणही चोख आहे: बीमचा पिंजरा एकदा बसला की जॉइंटमध्ये रिंग जातच नाही. अगदी खरं. ती आधीच कॉलमच्या सळयांवर ओवून ठेवावी लागते, बीमच्या सळया सरकवत सरकवत एकेक रिंग वर उचलून बांधावी लागते, अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा सगळ्या रिंगा खाली गोळा करून ठेवा, वरून बघणाऱ्याला "आहेत की" असं वाटतं. काँक्रीट पडलं की प्रश्न मिटला.

एक बाजू कन्सल्टंटचीही लंगडी आहे, ती सोडू नका. एवढ्या दाटीत २० एमएमची खडी अडकते आणि जॉइंटमध्ये हनीकोंब होतो, म्हणजे आत पोकळ्या राहतात, ही तक्रार खोटी नाही. त्यावर तो बारीक खडी, थोडं जास्त वाहतं काँक्रीट आणि व्हायब्रेटरची बारीक नीडल सुचवेल. तुम्ही मात्र खडी तीच ठेवा आणि रिंगा कमी करा. शिवाय त्याने एक गोष्ट स्वतःच कबूल केलेली असते, की रिंगा असल्या तरी घराला भेगा पडणारच, कव्हर गळणारच, फक्त घर लगेच बसत नाही आणि आतली माणसं बाहेर पडू शकतात. आणि खाली मोकळं पार्किंग किंवा बीमपेक्षा कमजोर कॉलम असले तर नुसत्या रिंगा पुरत नाहीत. घ्या, म्हणजे तो स्वतःच म्हणतोय पूर्ण गॅरंटी नाही! मग पाचशे वीस रुपये कशाला?

शेवटची खबरदारी. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी कोणी नातेवाईक टेप घेऊन वर चढू नये एवढं बघा. कोपऱ्यातला कॉलम गाठून त्याने जॉइंटच्या आत बोट घालून रिंगा मोजल्या, फेसपासून पहिली रिंग किती लांब आहे ते बघितलं, हुकाचं टोक पोटात आहे की कव्हरमध्ये ते तपासलं आणि मोबाईलवर फोटो काढले तर तुमची सगळी बचत दहा मिनिटांत उघडी पडते. त्याला खाली चहाला बसवा. सकाळी आठला मिक्सर चालू झाला की मग खुशाल चढू दे, नंतर मोजायचं तर रिबार लोकेटरचं मशीन आणावं लागतं, आणि जॉइंटमध्ये बीमच्या इतक्या सळया आडव्या येतात की त्यालाही धड काही समजत नाही.