स्वस्त प्लॅन लुटतात दुसरे आणि अकाउंट लॉक होतं आमचं

परत तोच मेल. ‘तुमचं अकाउंट दुसऱ्या देशातून वापरलं जातंय, सबस्क्रिप्शन बंद करतोय.’ अरे कार्ड इथल्या बँकेचं, बिलिंग इथलं, दर महिन्याला पैसे इथूनच कापता ना तुम्ही? ऑफिसच्या व्हीपीएनमुळे लॉगिन परदेशातून झाल्यासारखं दिसलं की लगेच मी चोर?

आणि आव असा आणतात की आपल्यासारख्या देशात कमी दरात देऊन आमच्यावर उपकारच करतायत. कसले उपकार, सॉफ्टवेअरला एक गिऱ्हाईक वाढल्याने कंपनीचा खर्च जवळपास वाढतच नाही, आणि जिथे पगारच कमी तिथे पूर्ण दर लावला तर लोक घेणारच नाहीत, म्हणजे मिळणार शून्य. म्हणून क्रयशक्ती बघून दर लावतात, स्वतःच्या फायद्यासाठी.

खरा घोटाळा कुठे होतो ते बघा ना. समजा महागड्या देशात एकट्याचा प्लॅन १० ला आहे आणि स्वस्त देशात ६ जणांचा फॅमिली प्लॅन ५ ला. एक दलाल तो ५ ला घेतो आणि महागड्या देशातल्या ६ अनोळखी लोकांना एकेक जागा २ ला विकतो. त्याला १२ मिळाले, खिशात ७ राहिले, आणि ज्यांच्याकडून कंपनीला ६० आले असते तिथे तिला मिळाले ५. हे रोज चालतं, उघड जाहिराती करून चालतं. आणि हे लोक पकडतात कोणाला, तर मला!

कारण सगळी तपासणी आयपीवर. आयपी तर कोणीही बदलतो हो! कार्डाच्या पहिल्या ६-८ आकड्यांवरून बँक आणि देश कळतो, तो आधी बघा. दलाल त्या देशाचं गिफ्ट कार्ड वापरून तेही चुकवतो हे मान्य, पण मग फॅमिलीतली प्रत्येक जागा महिनाभर कुठून चालते ते बघा, सहाच्या सहा जण कायम परदेशात आणि मालक कधी लॉगिनच करत नाही, हे दिसत नाही का? एका लॉगिनवर माणसाला हाकलणं सोपं पडतं, म्हणून तेच करतात.

आणि पुढे काय होतं तेही माहितीये. स्टीम या गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर अर्जेंटिना आणि तुर्कीचे दर स्वस्त म्हणून जगभरातले लोक अकाउंटचा देश बदलून घुसत होते, २०२१ मध्ये देश बदलण्यावर ३ महिन्यांची अट घातली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्हीकडे थेट डॉलर लावले. कंपनीने कारण दिलं चलनाच्या चढउताराचं, असेल, पण कित्येक गेम एका रात्रीत अनेक पट महाग झाले ते तिथे खरोखर राहणाऱ्यांना. घुसलेले गेले परत आपापल्या स्टोअरवर, त्यांच्या पगाराला तो दर जड नव्हताच कधी.

आता सपोर्टवाले माझ्याकडे राहत्या पत्त्याचा पुरावा मागतायत, आणि तो तपासून होईपर्यंत प्लॅन बंद, पैसे मात्र या महिन्याचे कापून झालेत.