नवी दिल्ली स्थानकावर सामान ठेवायचे असेल, तर गाडीतून उतरण्यापूर्वीच बाजू ठरवा

महाराष्ट्रातून हिमाचलकडे निघालेल्या कितीतरी कुटुंबांचा एक दिवस दिल्लीत जातो. मुंबई सेंट्रलहून निघालेली राजधानी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचते आणि कालक्याला जाणारी शताब्दी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सुटते. मधल्या वेळात राजघाट किंवा हुमायूनची कबर पाहता येते, पण त्यासाठी बॅगा क्लोक रूममध्ये ठेवाव्या लागतात. ही खोली शोधण्यात आणि तिथवर सामान नेण्यात माणसे जेवढी दमतात, तेवढी प्रवासातही दमत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या स्थानकाला 16 फलाट आहेत. 1 क्रमांकाचा फलाट पहाडगंज बाजूला, तर 16 क्रमांकाचा अजमेरी गेट बाजूला आहे. रेल्वेची क्लोक रूम पहाडगंज बाजूला आहे, आणि यलो लाइन व विमानतळाकडे जाणारी मेट्रो मात्र अजमेरी गेट बाजूला. त्यामुळे पादचारी पुलावर चढल्यावर बहुतेक जण मेट्रोच्या पाट्या पाहत गर्दीबरोबर अजमेरी गेटकडे उतरतात आणि तिथे चौकशी केल्यावर कळते, की सगळे फलाट पुन्हा ओलांडून उलट टोकाला जायचे आहे. दोन ट्रॉली बॅगा, पाठीवरची पिशवी आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर ही चूक फार महागात पडते. म्हणून पुलावर पोहोचल्यावर फलाटांचे क्रमांक कोणत्या दिशेला कमी होत आहेत, एवढेच पाहावे आणि त्या दिशेने 1 क्रमांकापर्यंत जावे. पुढे हिंदी पाटीवर ‘अमानती सामान घर’ असे शब्द शोधावेत. नाही दिसले, तर हमालाला किंवा रेल्वे पोलिसाला विचारावे.

सरकते जिने आणि लिफ्ट काही ठिकाणी आहेत, परंतु आपला डबा त्यांच्याजवळच थांबेल याची खात्री नसते. अशा वेळी बिल्ला असलेला हमाल करणे मला योग्य वाटते, मात्र कुठे जायचे आणि किती नगांचे किती पैसे, हे सामान उचलण्यापूर्वीच बोलून घ्यावे. डोक्यावर मोठे बोचके घेऊन गर्दीच्या जिन्यावर चढण्या-उतरण्याचा आग्रह कोणीही धरू नये. 15 फेब्रुवारी 2025 च्या रात्री याच स्थानकात 14 व 15 क्रमांकांच्या फलाटांकडील जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 18 जणांचा जीव गेला, आणि एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे खाली पडल्याने लोक घसरले, असे रेल्वेमंत्र्यांनी नंतर संसदेत सांगितले. ज्याला सामान ठेवायचेच आहे, त्याला ते घेऊन इतके अंतर चालायला लावणे हा स्थानकाच्या रचनेतलाच दोष आहे, असे मी मानतो. सामान ठेवण्याची सारखीच सोय दोन्ही बाजूंना हवी आणि प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे वळायचे तिथेच, तिची दिशा दाखवणारी पाटी हवी.

खिडकीवर पोहोचल्यानंतरही लोक परत पाठवले जातात आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: बॅगेला कुलूप नसते. कुलूप नसलेले सामान रेल्वे ठेवून घेत नाही, त्यामुळे कापडी पिशव्या आधीच मोठ्या बॅगेत भराव्यात आणि छोटी कुलपे घरूनच न्यावीत. मोठ्या स्थानकांवर सामान स्कॅनरमधून तपासून घ्यावे लागते. गाडीतून उतरून आत आलेल्या प्रवाशाची ही तपासणी इथे झालेली नसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वीच स्कॅनर कुठे आहे ते विचारावे. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी असू द्यावे. खाद्यपदार्थ, दागिने, औषधे आणि कागदपत्रे सोबतच्या पिशवीत ठेवावीत. शुल्क नगामागे आणि 24 तासांच्या हिशेबाने घेतले जाते, म्हणून चार लहान पिशव्यांपेक्षा दोन मोठ्या बॅगा स्वस्त पडतात. मिळालेल्या पावतीचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही पाठवावा.

हात मोकळे झाल्यावर मेट्रोसाठी पुन्हा पूल ओलांडण्याची गरज नाही. पहाडगंजच्या मेन बाजारातून सरळ चालत गेल्यास ब्लू लाइनचे रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानक लागते. परतताना मात्र गाडीच्या वेळेआधी किमान सव्वा तास खिडकीवर असावे, कारण संध्याकाळी सामान सोडवणाऱ्यांचीही रांग असते, आणि शताब्दी दूरच्या फलाटावर लागली, तर त्याच बॅगा घेऊन तोच पूल पुन्हा चढायचा असतो.