‘असल्यास’

माफीनामा लिहिण्याचे काम माझ्याकडे येण्याला दोन कारणे होती. आमच्या कचेरीत मराठी माध्यमातून शिकलेला मी एकटाच आहे, हे पहिले. आणि ज्या गोष्टीची माफी मागायची होती ती मीच केली होती, हे दुसरे. पहिले कारण मालकांनी सर्वांसमक्ष बोलून दाखवले. दुसरे त्यांनी नुसत्या नजरेने सांगितले.

आम्ही हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी ऑनलाइन घेतो. पाडव्याच्या आदल्या रात्री ९ वाजता नोंदणी खुली झाली आणि ९ वाजून १० मिनिटांनी, मोबाइल क्रमांकावरून ऑर्डर चटकन सापडावी या उदात्त हेतूने, ऑर्डरींच्या तक्त्याला एक इंडेक्स जोडण्याची मला बुद्धी झाली. हे काम पहाटे ३ वाजता करायचे असते. परंतु पहाटे ३ वाजता मी झोपतो.

आमच्या डेटाबेसच्या दोन वह्या आहेत. मुख्य वहीत सर्व नोंदी होतात आणि तिची नक्कल दुसऱ्या यंत्रावर आपोआप उतरत राहते; ग्राहकाला पडद्यावर जे दिसते ते या नक्कलवहीतून, जेणेकरून मुख्य वहीवर भार पडू नये. एरवी नक्कल अर्ध्या सेकंदाच्या आत उतरते. मात्र `ALTER TABLE` सारखा हुकूम मुख्य वहीवर पूर्ण झाला, की तोच हुकूम नक्कलवहीलाही पहिल्यापासून पार पाडावा लागतो, आणि तो संपेपर्यंत मागच्या सर्व नोंदी रांगेत उभ्या राहतात. मुख्य वहीला या कामास ४ मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात तिच्यावर नव्या नोंदीही सुखेनैव होत राहिल्या, म्हणून मी निर्धास्त होऊन चहा घ्यायला गेलो. नक्कलवहीचे यंत्र काटकसरीने घेतलेले असल्यामुळे तिला ११ मिनिटे लागली.

त्या ११ मिनिटांत ग्राहक यूपीआयचा पिन टाकत होता, पैसे खात्यातून जात होते, मुख्य वहीत ‘जमा’ अशी नोंद होत होती, आणि आमचे पान नक्कलवहीत डोकावून पाहत होते. तिथे ती ऑर्डर अजून पोचलेलीच नव्हती. आता, न सापडलेल्या ऑर्डरीविषयी ‘थोडे थांबा’ म्हणणे हे शहाणपणाचे झाले असते. पण जे सापडत नाही त्याचे पैसे आलेले नाहीत, असा माझ्या प्रोग्रामचा बाणेदार समज होता. त्याने लाल अक्षरांत लिहिले, ‘पेमेंट पूर्ण झाले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ लोकांनी प्रयत्न केला. प्रत्येक प्रयत्नाला आम्ही पेमेंट गेटवेकडे नवा क्रमांक काढत होतो. जुनाच क्रमांक पुन्हा पाठवला असता, तर ‘याचे पैसे आलेत’ असे म्हणून गेटवेनेच दुसरे पेमेंट अडवले असते.

मालकांनी माफीनाम्याचा मसुदा स्वतःच तयार ठेवला होता: ‘तांत्रिक अडचणीमुळे काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’

“सर, ‘असल्यास’ नको,” मी म्हणालो. “२,४०० रुपये दोनदा गेलेत. ते गेलेच आहेत.”

“पण पिन त्यांनीच टाकला ना दोनदा? आपण थोडेच कापले?”

“आपल्या पानाने टाका म्हणून सांगितले, म्हणून टाकला.”

मालकांनी ‘असल्यास’ या शब्दाकडे, सावकाराने गहाण सोडताना दागिन्याकडे पाहावे तसे पाहिले आणि तो खोडला. त्यानंतर त्यांना ‘जादा रक्कम आपोआप परत येईल’ असे घालायचे होते. हेही अडवावे लागले. व्यवहार फसला आणि पैसे मध्येच अडकले, तर ते उलटून परत येण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ साली मुदती घालून दिल्या आहेत, हे खरे. पण आमचे दोन्ही व्यवहार यशस्वी झाले होते. बँकेच्या दृष्टीने ग्राहकाने हौसेने दोन पेट्या घेतल्या. आम्ही स्वतः रिफंड पाठवल्याशिवाय तो पैसा हलणार नव्हता.

मग दोनदा पैसे कोणाचे गेले ते शोधणे आले. मुख्य वहीत हे सोपे होते:

```sql
SELECT cart_id, COUNT(*)
FROM payments
WHERE status = 'captured'
GROUP BY cart_id
HAVING COUNT(*) > 1;
```

एकाच टोपलीवर एकाहून अधिक वेळा पैसे आले असतील, तर ती आमची चूक. अशा ६३ टोपल्या निघाल्या. त्यांपैकी तीन ग्राहक इतके सोशिक, की त्यांनी तीनदा पैसे भरले. परंतु काही जणांनी वैतागून पान बंद केले आणि नवी टोपली भरून पुन्हा पैसे दिले. ते या यादीत येत नाहीत, आणि ज्यांना खरोखरच दोन पेट्या हव्या होत्या तेही अगदी तसेच दिसतात. मोबाइल तोच, पत्ता तोच, अंतर पंधरा मिनिटांच्या आत, असे नऊ जण काढून त्यांना फोन करण्यावाचून मार्ग नव्हता.

“काकू, तुम्ही दोन पेट्या मागवल्या होत्या की एकच?”

“मागवली एकच. पण तुम्ही दुसरीचे पैसे घेतलेच आहेत, तर ती आमच्या विहीणबाईंकडे नाशिकला पाठवून द्या. मी दरवर्षी म्हणते आणि राहून जाते.”

या उत्तरासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

अखेर जो मजकूर ठरला तो असा: ‘पाडव्याच्या आदल्या रात्री ९.१४ ते ९.२५ या वेळेत आपले पैसे आमच्याकडे जमा होऊनही, आमच्या डेटाबेसची नक्कल मागे पडल्यामुळे, आमच्या पानाने ते जमा झाले नसल्याचे आपल्याला चुकीने सांगितले. आपण दुसऱ्यांदा पैसे भरलेत ते आमच्या सांगण्यावरून. ही चूक पूर्णपणे आमची आहे आणि आम्ही आपली माफी मागतो. आपली एक पेटी कायम आहे. जादा रक्कम आम्ही आज परत पाठवली असून ती ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आली तिथेच, साधारण ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत, जमा होईल. खाली दिलेला रिफंडचा संदर्भ क्रमांक दाखवून आपल्याला बँकेत चौकशी करता येईल. आपण काहीही करायचे नाही. पैसे मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. आमच्या नावाने कोणी तो मागितल्यास देऊ नये.’

शेवटच्या वाक्यातल्या ‘मागितल्यास’वर मालकांनी बोट ठेवले. “हा चालतो वाटते?”

अकाउंटच्या मॅडमनी रिफंड पाठवायला घेतले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. रिफंड जातो तो गेटवेकडे शिल्लक असलेल्या आमच्या पैशांतून, आणि ते पैसे तर सकाळीच आमच्या खात्यात येऊन बागायतदारांना आगाऊ म्हणून गेले होते. ‘आज परत पाठवली’ हे शब्द खरे ठरावेत म्हणून मालकांनी दुपारी स्वतःच्या ठेवीवर कर्ज काढून ती रक्कम गेटवेकडे भरली. त्या वेळी मी पुन्हा चहा घ्यायला गेलो नाही.

संध्याकाळी पानही दुरुस्त केले. पैसे भरल्यानंतरची चौकशी आता मुख्य वहीतच होते, दुसऱ्या प्रयत्नाला जुनाच क्रमांक जातो, आणि ऑर्डर न सापडल्यास पान ‘तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असे नम्रपणे सांगते. मग त्या ६३ टोपल्यांची यादी `payments` तक्त्याला जोडून संदर्भ क्रमांक आणि पत्ते काढले, मालकांनी शेवटचे वाचून मान हलवली, आणि मी माफीनामा रवाना केला.

त्या तक्त्यात ओळ असते ती दर पेमेंटमागे एक, दर ग्राहकामागे नव्हे. ज्यांचे पैसे दोनदा गेले होते त्यांना माफीनामेही दोन गेले, आणि त्या तीन सोशिकांना तीन.

दहाव्या मिनिटाला पहिले उत्तर आले: ‘दोन्ही माफ्या पोचल्या. एक पुरेशी आहे. दुसरी ५ ते ७ दिवसांत परत पाठवतो.’