पेन्शन प्लॅनचा दर आणि एफडीचं व्याज: एका फॉरवर्डला उत्तर

«पेन्शन प्लॅन म्हणजे शुद्ध लूट! २० लाख भरा, कंपनी साडेसहा टक्के देणार. एवढं तर बँकेची एफडीही देते आणि मुद्दल आपलं आपल्याकडे राहतं. जास्त दराचा पर्याय घेतलात तर तुम्ही मेल्यावर सगळे पैसे कंपनीच्या घशात. दर काय, कंपनी मनाला येईल तो लावते. साठीनंतर पैसे अडकवू नका. एफडीत ठेवा, लागतील तसे काढून खा. सर्व ज्येष्ठांना पाठवा.»

नाशिकच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. आयुर्विम्याच्या पेन्शन विभागात माझी बरीच वर्षं गेली. आता नाशिकरोडला ओळखीच्या लोकांचे निवृत्तीचे कागद पाहून देतो. हा मजकूर वाचून सातपूरच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ फाइल घेऊन आले. वय ६०, पत्नी ५६ वर्षांची. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३६ लाख, आणि ईपीएसचं पेन्शन महिना साडेचार हजार. त्यांच्यासमोर जो हिशेब मांडला तोच इथे देतो. टक्केवारी हिशेब समजावा म्हणून धरलेली आहे. प्रत्यक्ष दर कंपन्या वेळोवेळी बदलतात, तुमच्या तारखेचा दर तुम्ही विचारून घ्या.

साडेसहा टक्क्यांबद्दल

हा आकडा खरा आहे, पण तो पेन्शनच्या एकाच पर्यायाचा आहे. एलआयसीच्या जीवन अक्षय ७ या पेन्शन योजनेत दहा पर्याय आहेत. त्यातले दोनच आधी बघू. ‘एफ’ पर्यायात तुम्ही हयात असेपर्यंत पेन्शन मिळतं आणि नंतर भरलेली पूर्ण रक्कम वारसाला परत जाते. ‘ए’ पर्यायात फक्त हयातीपर्यंत पेन्शन, मागे काही नाही.

‘एफ’मध्ये मुद्दलाला कंपनी हात लावू शकत नाही, कारण ते परत द्यायचं असतं. मग देणार काय? लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांतून येणारं व्याज, त्यातून स्वतःचा खर्च आणि जोखमीची तरतूद वजा करून. रोख्यांवर ७ मिळत असतील तर तुमच्या हातात साडेसहाच्या आसपास पडतात. इथपर्यंत फॉरवर्डवाल्यांचं बरोबर आहे: या पर्यायात तुम्ही घेता ते व्याजच. बँकेहून वेगळं एवढंच की हे व्याज मरेपर्यंत बदलत नाही. २०१४ मध्ये मोठ्या बँकांची एफडी नऊ टक्क्यांच्या आसपास होती, २०२०-२१ मध्ये तीच साडेपाचच्या आसपास आली. त्या काळात एफडी नव्याने करावी लागलेल्या माणसाला विचारा, घरखर्चाचं काय झालं ते.

‘ए’ पर्यायाचा दर मात्र साठाव्या वर्षी बराच वर असतो. आपण ८.४ टक्के धरू. २० लाखांवर ‘एफ’ने वर्षाला १ लाख ३० हजार येतात, ‘ए’ने १ लाख ६८ हजार. हे वरचे ३८ हजार व्याजातून येऊच शकत नाहीत. ते कुठून येतात, हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि फॉरवर्डमधला सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच आहे.

मेल्यावर पैसे कुणाकडे जातात

‘ए’ घेतलेली ७५ वर्षांची हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात त्यातली ३० जातात असं धरू. त्यांच्या नावावरची शिल्लक कंपनीच्या नफ्यात टाकायची असती, तर उरलेल्या ९७० जणांसाठी फक्त व्याजाचे साडेसहा टक्के उरले असते. पण दर काढतानाच गृहीत धरलेलं असतं की ती शिल्लक या ९७० जणांच्या पेन्शनला लागणार. म्हणजे १००० जणांचे पैसे व्याजासकट ९७० जणांत वाटायचे. १.०६५ ला ०.९७ ने भागा, १.०९८ येतात. हयात माणसाच्या वाट्याला त्या वर्षी साडेसहाऐवजी जवळजवळ पावणेदहा टक्के वाढ आली. पुढे पंच्याऐंशीला वर्षात १००० पैकी ८० जात असतील तर हाच आकडा पावणेसोळा टक्क्यांच्या घरात जातो.

कोणतीही बँक कुणालाही असं देऊ शकत नाही. बँकेत शेजारी गेला तर त्याची एफडी त्याच्या मुलांना मिळते, तुम्हाला नाही. इथे सगळ्यांनी आधीच कबूल केलेलं असतं की जो आधी जाईल त्याचं मागे राहणाऱ्याला. भिशीत जसा प्रत्येकाचा हप्ता मिळून एकाचा नंबर लागतो, तसा इथे नंबर जास्त जगणाऱ्याचा लागतो.

कंपनीला फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. तिचं मार्जिन दरातच असतं. धरल्यापेक्षा लोक लवकर गेले तर तिला जास्त उरतं, उशिरा गेले तर खिशातून घालावं लागतं. पण तुमच्या एकट्याच्या जाण्यावर तिचा डोळा असतो ही कल्पना चुकीची आहे. हजारोंच्या गटात कोण जातं याने तिला फरक पडत नाही, किती जातात याने पडतो.

दर मनाला येईल तसा ठरतो का

दर तीन गोष्टींवर बसतो: रोख्यांवरचं व्याज, तुमच्या वयाच्या माणसांच्या मृत्यूचं कोष्टक, आणि कंपनीचा खर्च व तरतूद. कोष्टकही वेगळं असतं. पेन्शन घेणाऱ्यांच्या आयुर्मानाचं भारतीय कोष्टक २०१२ ते २०१५ च्या अनुभवावरून केलेलं आहे. विमा घेणाऱ्यांचं कोष्टक इथे चालत नाही, कारण आजारी माणूस सहसा ‘ए’ पर्यायाकडे वळत नाही. ज्याला आपण नव्वदी गाठू असं वाटतं तोच घेतो. असे लोक सरासरीपेक्षा जास्त जगतात, म्हणून दर थोडा खाली येतो. प्रकृती खरोखर नाजूक असलेल्याने ‘ए’ घेऊ नये, ते याच कारणाने. तो सुदृढ लोकांच्या कोष्टकावर दर घेत असतो.

हे तुम्हाला घरबसल्या पडताळता येतं. कंपनीच्या दरपत्रकात ५०, ६० आणि ७० या वयांच्या ओळी बघा. ‘एफ’चे आकडे वयानुसार फारसे हलत नाहीत, कारण तिथे व्याज सोडून काही नाही. ‘ए’चा आकडा मात्र प्रत्येक दशकाला ठळक चढतो. दर मनाला येईल तसा लावला असता तर हा फरक असा नेमका एकाच पर्यायात दिसला नसता.

एफडीत ठेवून काढून खाण्याबद्दल

आता तोच १ लाख ६८ हजारांचा खर्च २० लाखांच्या एफडीतून चालवून पाहू. सगळी वर्षं साडेसहा टक्के मिळाले तर पैसे साडेतेवीस वर्षं पुरतात, म्हणजे वयाच्या त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीपर्यंत. व्याज सरासरी सहा पडलं तर एक्याऐंशी-ब्याऐंशीला संपतात. साडेपाच पडलं तर ऐंशीला. त्यानंतर खातं रिकामं आणि माणूस हयात.

प्रत्यक्षात पैसे संपतील या धास्तीने लोक इतकं काढतच नाहीत. आठ हजारांत भागवतात, दाताचं काम पुढे ढकलतात आणि जाताना १८ लाख मागे ठेवून जातात. असे कागद मी हातांनी उघडले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

पेन्शनच्या बाजूचा खरा परतावाही सांगतो, म्हणजे कुणी ८.४ ला व्याज समजणार नाही. ‘ए’ घेऊन माणूस सत्तरीला गेला तर हाती १६ लाख ८० हजार आले, मुद्दलही सुटलं नाही. ऐंशीपर्यंत जगला तर परतावा सुमारे साडेपाच टक्के, पंच्याऐंशीपर्यंत पावणेसात, पंच्याण्णवपर्यंत पावणेआठच्या जरा वर. दर आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट त्या एक करून विकतो आणि फॉरवर्डवाला एक करून झोडपतो.

जिथे फॉरवर्डने सावध करायला हवं होतं आणि केलं नाही

महागाई. ठरलेली रक्कम मरेपर्यंत तेवढीच राहते. सहा टक्के महागाईत बारा वर्षांत १४ हजारांची किंमत निम्मी होते. दरवर्षी ३ टक्के वाढणारं पेन्शन मिळतं, पण ती वाढ साध्या पद्धतीची असते आणि सुरुवात बऱ्याच कमी रकमेने होते.

कर. स्वतःच्या एफडीतून मुद्दल काढलं तर त्यावर कर नाही, पण ‘ए’चं पेन्शन मुद्दलाच्या भागासकट सगळं उत्पन्नात धरलं जातं. सातपूरच्या गृहस्थांच्या उत्पन्नाला याची झळ नाही, मोठं पेन्शन असलेल्याला आहे.

अडकणं. ‘ए’ घेतल्यावर पैसे परत मागता येत नाहीत. त्यामुळे दवाखान्यासाठी लागणारी रक्कम यात घालायचीच नसते.

आणि सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे चुकीचं अक्षर. नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने ‘ए’ घेतलं, तो तीन वर्षांत गेला, तर पेन्शन त्याच महिन्यात बंद, बायकोला काही नाही. नंतर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नसतो, कागदावर तेच लिहिलेलं असतं. यासाठी ‘आय’ पर्याय आहे: एक गेला तरी दुसऱ्याला हयातीपर्यंत पूर्ण पेन्शन. दोघांतला उशिरा जाणारा जाईपर्यंत द्यायचं असल्याने दर खाली येतो. ६० आणि ५६ साठी आपण साडेसात धरू. एकट्या माणसाला लवकर जाण्याची भीती वाटत असेल तर पंधरा वर्षांच्या हमीचा ‘डी’ पर्याय बघावा. साठीतली बहुतेक माणसं पंचाहत्तरी गाठतातच, म्हणून त्या हमीने दर फारसा घटत नाही.

सातपूरच्या जोडप्याने माझ्या टेबलावरच वहीत किराणा, गॅस, वीज, घरपट्टी आणि औषधं लिहून काढली. महिन्याला साडेचौदा हजार झाले. ईपीएसचे साडेचार वजा जाता दहा हजार कमी पडत होते. त्याला साडेसातच्या दराने १६ लाख लागतात, तेवढेच त्यांनी ‘आय’ला लावायचे ठरवले. उरलेले २० लाख सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आणि एफडीत, आजारपणाला आणि पुढच्या महागाईला. पती गेल्यावर ईपीएस निम्मं होतं, तो खड्डाही याच २० लाखांतून भरायचा आहे.

पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत रद्द करता येते. त्या दिवसांत पर्यायाचं अक्षर, दोघांच्या जन्मतारखा आणि वारसाचं नाव एवढ्या तीन जागा चष्मा लावून वाचा.