तीन वर्षे आणि अठरा महिने

"आत्या, एम.एड.च्या तौलनिक शिक्षणाच्या असाइनमेंटसाठी भारत आणि जर्मनी यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या रचनेची तुलना करायची आहे. मुख्य फरक कोणता लिहू?"

भाचीने रविवारच्या कॉलवर हे विचारले आणि मी उत्तर देण्याआधीच घरातला जुना वाद उफाळून आला. "तिकडे पाच वर्षे शिकून शिक्षक होतात, आपण बी.एड. दोनच वर्षांचे करतो, एवढाच फरक," असे तिचा चुलतभाऊ म्हणाला, त्यावर निवृत्त मुख्याध्यापक असलेले दादा, "आमचे एक वर्षाचे बी.एड. काय वाईट होते?" म्हणून चिडले. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले तेव्हापासून मी हा वाद ऐकते आहे. वर्षे मोजण्याचा हा छंद मला इथे जर्मनीत बसून फार खटकतो, आणि भाच्याचे विधान तर अर्धेच खरे आहे, कारण पाच वर्षांच्या पदवी-पदव्युत्तर शिक्षणानंतरही इथे कोणाला शिक्षक म्हणत नाहीत.

मी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या ज्या शाळेत काम करते, तिथे गणित आणि भूगोल शिकवणारी एक प्रशिक्षणार्थी शिक्षिका आहे. एम.एड. पदवी हातात असूनही तिला रेफरेंडारियाट नावाच्या अठरा महिन्यांच्या दुसऱ्या टप्प्यातून जावे लागते. आठवड्याला चौदा तासिका तिच्या वाट्याला येतात. सुरुवातीला ती मागे बसून पाहते किंवा अनुभवी शिक्षकाबरोबर शिकवते, मग मधले वर्षभर साधारण नऊ तासिकांचे वर्ग सर्वस्वी तिचे असतात. त्यासाठी पगार मिळतो. आठवड्यातला एक दिवस प्रशिक्षण केंद्रात जातो, आणि केंद्रातले विषय-मार्गदर्शक दोन्ही विषय मिळून नऊ-दहा वेळा तिच्या वर्गात येऊन बसतात. पाठ संपला की तासभर चर्चा चालते: हा प्रश्न सातव्या मिनिटालाच का विचारला, मागच्या बाकावरच्या मुलाला काय समजले हे तुला कशावरून कळले? शेवटी एकाच दिवशी दोन विषयांचे दोन पाठ आणि तोंडी परीक्षा होते, त्यात नापास झाल्यास एकदाच पुन्हा संधी मिळते.

दादांचे म्हणणे होते की आपल्याकडेही वीस आठवड्यांची आंतरवासिता आहे. कागदावर ती आहेच. परंतु ती महाविद्यालयाच्या अखत्यारीतली असते, शाळा विद्यार्थ्याला पाहुणा मानते, आणि गैरहजर शिक्षकांच्या तासिका सांभाळायला हा पाहुणा फार उपयोगी पडतो, हे त्यांनीच पूर्वी मला सांगितले होते.

खरी जोड मात्र रेफरेंडारियाट आणि बी.एड. यांची नाहीच. भाचा स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे, आणि त्याने विषय सोडून सोळा हजारांच्या मानधनाचे गाऱ्हाणे मांडले तेव्हा मला ते जाणवले. पदवीनंतर, प्रत्यक्ष वर्गाची जबाबदारी घेऊन, कमी पैशांत, कायम होण्याची वाट पाहत काढलेली तीन वर्षे हाच आपला दुसरा टप्पा आहे. किंबहुना जर्मन टप्प्याच्या दुप्पट. "या काळात तुझा पाठ पाहायला कोण किती वेळा आले?" असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "केंद्रप्रमुख आले होते, शालेय पोषण आहाराची नोंदवही पाहायला." दादा म्हणाले, पूर्वी केंद्रप्रमुख वर्गात बसत, आता माहिती गोळा करण्यातच त्यांचा दिवस जातो.

भाचीला मी सांगितले की तुलना या दोन टप्प्यांची कर. त्यावर तिने नेमके बोट ठेवले: दहा वेळा येणारा मार्गदर्शक आपल्याकडे आणायचा कुठून, आणि निरीक्षणाचे गुण देणारा माणूस मार्गदर्शक उरतो का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. आमची प्रशिक्षणार्थी भेटीच्या दिवसासाठी रात्रभर जागून वीसेक पानांचे टाचण लिहिते आणि दुसऱ्या दिवशी तो वर्ग पुन्हा पूर्वीसारखाच घेते. शिवाय शिक्षक कमी पडले की इथेही शिक्षणशास्त्र न शिकलेल्यांना थेट वर्गात उभे करून नोकरीसोबत प्रशिक्षण देतात. हे मी घरी सांगत नाही, हेही खरे.

आणखी एक गोष्ट मी सांगितलेली नाही. माझे बी.एड. त्या एक वर्षाच्या काळातले. इथल्या मान्यतेच्या अर्जावर उत्तर आले की पदवीला दुसरा शालेय विषय पुरेसा नाही आणि भाषेची पातळीही कमी पडते. म्हणून मी त्या शाळेत दुपारच्या वर्गात मुलांचा गृहपाठ करून घेते, आणि प्रशिक्षणार्थीच्या पाठाची चर्चा चालू असते तेव्हा शेजारच्या खोलीत खुर्च्या लावत ती ऐकते. दादा एक वर्षाच्या बी.एड.ची बाजू घेतात तेव्हा मला राग येतो, पण त्यांनी ती सोडली तर माझ्याही त्या कागदाची बाजू घेणारे घरात कोणी उरणार नाही.